30 टक्क्यांची बातमी, 15 टक्क्यांचा निष्कर्ष

फेब्रुवारी 2021 मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात मुंबईतला एक अभ्यास छापून आला. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानं तो 1998 साली शहरातल्या झोपडवस्त्यांत सुरू केला होता. प्रश्न असा होता की मॅमोग्राफीचं यंत्र नाही, डॉक्टरही नाही, फक्त प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकेनं दर दोन वर्षांनी बायकांचे स्तन हातानं तपासले, तर स्तनाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू कमी होतात का? 35 ते 64 वयाच्या 1,51,538 स्त्रिया या अभ्यासात होत्या आणि निकाल वीस वर्षांनंतरचा आहे.

हे मराठीत सांगायला बसलं की पहिलं वाक्य हाताशी तयारच असतं. ‘नुसत्या हातानं केलेल्या तपासणीनं स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू 30 टक्क्यांनी घटतात, टाटाच्या डॉक्टरांनी सिद्ध केलं.’ ऑक्टोबर महिन्यात गुलाबी फिती लावून सोसायटीच्या हॉलमध्ये शिबिरं भरतात, तिथल्या फलकावर हे वाक्य छान शोभेल. यातला 30 हा आकडा शोधनिबंधात आहेच, ‘जवळपास 30 टक्के’ असा. पण या वाक्यात जे म्हटलंय ते अभ्यासानं म्हटलेलं नाही. अभ्यासाचा मुख्य निकाल 15 टक्के घट असा आहे, आणि तीही योगायोग नक्की नव्हे असं म्हणता येण्याच्या रेषेच्या जरा अलीकडेच थांबलेली. हे अंतर वाचणाऱ्याला न बिचकवता कसं सांगायचं, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आधी काय केलं ते सांगावं, निकाल नंतर. वाचणाऱ्याला आकड्यांची भीती वाटते, कृतीची वाटत नाही. वीस वस्त्या घेतल्या. त्यातल्या दहा चिठ्ठ्या टाकून वेगळ्या काढल्या. या दहा वस्त्यांमधल्या 75,360 स्त्रियांची दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत हातानं तपासणी झाली. संशय आला त्यांना पुढच्या तपासण्यांसाठी रुग्णालयात बोलावलं. उरलेल्या दहा वस्त्यांमधल्या 76,178 स्त्रियांना सुरुवातीला एकदाच कर्करोगाविषयी माहिती दिली. नंतर दोन्हीकडे दर दोन वर्षांनी चौकशी होत राहिली, की कुणाला कर्करोग झाला का, कुणाचा मृत्यू झाला का.

यातला एक बारकावा बहुतेक बातम्यांत गळून जातो. तपासणीच्या वस्त्यांमध्ये नुसती तपासणी झाली नाही, प्रत्येक फेरीत कर्करोगाविषयी माहितीही पुन्हा दिली गेली. दुसरीकडे ती एकदाच मिळाली. म्हणजे दोन गटांत जो काही फरक दिसला तो ‘तपासणी आणि पुन्हा पुन्हा माहिती’ या जोडीचा आहे. दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात एखादीला स्वतःलाच गाठ लागली आणि आधी ऐकलेलं आठवून ती लवकर डॉक्टरकडे गेली असेल, तर ते श्रेय आरोग्यसेविकेच्या बोटांचं किती आणि तिच्या बोलण्याचं किती, हे या अभ्यासाच्या रचनेतून वेगळं काढता येत नाही. म्हणून ‘हातानं केलेल्या तपासणीनं’ असं लिहिण्याऐवजी ‘दर दोन वर्षांनी तपासणी आणि माहिती दिल्यानं’ असं लिहावं. वाक्य थोडं लांबतं, पण बरोबर होतं.

आता निकाल. कर्करोगाचे मृत्यू मोजताना ‘एक लाख स्त्री-वर्षं’ हे माप वापरतात. ऐकायला अवघड, पण अर्थ सरळ आहे. दहा हजार स्त्रियांवर दहा वर्षं लक्ष ठेवलं की एक लाख स्त्री-वर्षं भरतात. मराठीत हे माप असं उलगडून सांगितलं की अर्धं काम होतं. तपासणी नसलेल्या वस्त्यांमध्ये एवढ्या काळात स्तनाच्या कर्करोगानं 24.62 मृत्यू झाले, तपासणीच्या वस्त्यांमध्ये 20.82. म्हणजे दहा हजार बायकांमागे दहा वर्षांत साधारण 25 च्या जागी 21. फरक चारचा. नेमके आकडे घेतले तर 24.62 मधले 3.8 गेले, म्हणून 15 टक्के घट. दोन्ही आकडे एकाच गोष्टीचे आहेत, पण कानावर पडल्यावर वेगवेगळे वाटतात. टक्के एकटे कधीच लिहू नयेत ते यासाठी. ‘15 टक्के’ वाचून काही जणींना वाटतं की शंभरातल्या पंधरा बायका वाचल्या. खरं तर शंभर बायकांच्या हिशेबात हा फरक दिसतच नाही, हजारांच्या हिशेबातही जेमतेम दिसतो. याचा अर्थ तो क्षुल्लक आहे असा नाही. मुंबईएवढ्या शहरात दहा हजारांत चार म्हणजे पुष्कळ माणसं. पण तपासून घ्यायला आलेल्या एका बाईच्या दृष्टीनं तो किती, हे तिला कळायला हवं.

पुढची पायरी निसरडी आहे. हा चारचा फरक खरा, की योगायोगाचा? शोधनिबंधात उत्तर दोन प्रकारे दिलंय. एक, मृत्यूदरांचं गुणोत्तर 0.85, म्हणजे तपासणीच्या वस्त्यांतला मृत्यूदर दुसरीकडच्या 0.85 पट (1 म्हणजे दोन्हीकडे सारखाच), आणि त्याची व्याप्ती 0.71 ते 1.01. दुसरं, पी-मूल्य 0.07. व्याप्ती सांगणं सोपं जातं आणि प्रामाणिकही ठरतं. मिळालेल्या आकडेवारीशी 29 टक्के घट जुळते, 15 टक्के घट सगळ्यांत चांगली जुळते, आणि 1 टक्का वाढसुद्धा अगदीच न जुळण्यासारखी नाही. पी-मूल्याच्या वाटेला गेलं तर घोळ होतो. 0.07 म्हणजे ‘तपासणीचा उपयोग असण्याची शक्यता 93 टक्के’ असं समजावून सांगणारे डॉक्टरसुद्धा भेटतात. त्याचा अर्थ तसा नाही. तपासणीचा मुळीच परिणाम नसता, तरी एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरातल्या साधारण सात वेळा नुसत्या नशिबानं दिसला असता, इतकंच ते मूल्य सांगतं. रूढ रेषा शंभरात पाचची आहे. ती इथं ओलांडली गेली नाही.

या ठिकाणी दोन उलट चुका होतात. एक गट म्हणतो, रेषा ओलांडली नाही, म्हणजे तपासणीचा उपयोग नाही हे सिद्ध झालं. दुसरा म्हणतो, शास्त्रज्ञांचा किस काढण्याचा स्वभावच, 15 टक्के घट तर डोळ्यांना दिसतेय. पहिली चूक मला जास्त घातक वाटते, कारण ती कडक शिस्तीचा आव आणते. 29 टक्के घटीशी जुळणाऱ्या आकडेवारीला ‘उपयोग नाही’ म्हणता येत नाही. ‘उपयोग असावा असं दिसतंय, पण खात्रीनं म्हणण्याइतका पुरावा जमलेला नाही’ हे वाक्य मराठीत अगदी नीट होतं, आणि बायकांना ते कळतंही. घरातल्या आजारपणात ‘बहुधा हेच असेल, पण अजून नक्की नाही’ अशी भाषा त्यांनी हजारदा ऐकलेली असते.

दीड लाख बायका आणि वीस वर्षं, तरीही खात्री नाही? हा प्रश्न येतोच, आणि तो रास्त आहे. उत्तर वस्त्यांमध्ये आहे. चिठ्ठ्या बायकांच्या नावानं नाही, वस्त्यांच्या नावानं टाकल्या होत्या. एकाच गल्लीत शेजारणीला तपासायचं आणि हिला नाही, असं करणं शक्यही नव्हतं आणि योग्यही नव्हतं. पण एका वस्तीतल्या बायका कमाई, खाणं, किती वयात किती मुलं, दवाखाना किती लांब, अशा बाबतींत एकमेकींसारख्या असतात. त्यामुळे दीड लाख बायका म्हणजे दीड लाख स्वतंत्र चिठ्ठ्या नव्हेत. एखाद-दुसरी वस्ती वेगळी निघाली की आकडे हलतात, आणि हिशेबात ते सामावून घेताना व्याप्ती रुंदावते. शिवाय दीड लाखांत स्तनाच्या कर्करोगानं गेलेल्या स्त्रिया काही शेकडाच असतात. तुलना त्या शेकड्यांची आहे, दीड लाखांची नाही. फलकावर दीड लाखाचा आकडा झळकतो, पण निकालाचं वजन त्या लहान आकड्यावर अवलंबून असतं.

मग 30 टक्के आले कुठून? संशोधकांनी नंतर वयाप्रमाणे दोन भाग पाडले. पन्नास आणि त्याहून मोठ्या स्त्रियांमध्ये मृत्यूदर 34.68 च्या जागी 24.62 निघाला, म्हणजे दहा हजारांमागे दहा वर्षांत साधारण 35 च्या जागी 25. गुणोत्तर 0.71, व्याप्ती 0.54 ते 0.94. ही अख्खी 1 च्या खाली राहते, म्हणजे रेषेच्या पलीकडे जाते. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये गुणोत्तर 0.93, व्याप्ती 0.79 ते 1.09, म्हणजे ठोस काही नाही. (जाता जाता: 24.62 हा आकडा शोधनिबंधात दोन ठिकाणी येतो, एकदा तपासणी नसलेल्या एकूण गटासाठी आणि एकदा तपासणी झालेल्या पन्नाशीपुढच्या गटासाठी. निव्वळ योगायोग. पण घाईत उतरवून घेणाऱ्याचे रकाने इथं हमखास गुंततात, तेव्हा आकड्यासोबत गटाचं नावही लिहून घ्यावं.)

अडचण ‘नंतर’ या शब्दात आहे. पन्नाशीची ही विभागणी निकाल हाती आल्यावरची आहे, आधी ठरवून जाहीर केलेली नाही, आणि संशोधकांनी स्वतःच ती तशी नोंदवली आहे. निकाल पाहून मग भाग पाडले की काय होतं, याचं एक प्रसिद्ध उदाहरण हृदयविकाराचं आहे, आणि ते आपल्या वाचकांना खास पटतं. 1988 साली छापलेल्या ‘आयसिस-2’ या मोठ्या अभ्यासात हृदयविकाराच्या झटक्यानंतर अॅस्पिरिन दिल्यानं जीव वाचतात असं स्पष्ट दिसलं. मग संशोधकांनी मुद्दाम रुग्णांचे जन्मराशीप्रमाणे भाग पाडून दाखवले. पाश्चात्त्य पद्धतीच्या मिथुन आणि तूळ राशींच्या लोकांत अॅस्पिरिनचा फायदा दिसेना, थोडा तोटाच दिसला. बाकी राशींत फायदा भरघोस. त्यांचा हेतू एवढाच होता की पुरेसे भाग पाडले तर एखादा भाग नशिबानंच वेगळा निघतो. तूळ राशीच्या रुग्णाला त्या तक्त्यावरून अॅस्पिरिन नाकारणारा डॉक्टर कुणालाच चालणार नाही.

पन्नाशी आणि रास यांत फरक मात्र आहे, आणि तोही सांगायला हवा, नाहीतर आपण उलट्या बाजूनं अतिशयोक्ती करू. पाळी गेल्यानंतर स्तनातल्या ऊतींची घनता कमी होते आणि गाठ बोटांना लागायला सोपी जाते. मॅमोग्राफीच्या अभ्यासांतही पन्नाशीनंतरचा फायदा आधीच्या वयापेक्षा स्पष्ट दिसलेला आहे. म्हणजे या विभागणीला शरीरशास्त्राचा आधार आहे आणि बाहेरच्या पुराव्याचाही. राशीला यातलं काहीच नाही. तरीही विचारायचा खरा प्रश्न वेगळा आहे. पन्नाशीपुढे फायदा दिसला आणि आत दिसला नाही, एवढ्यावर दोन्ही वयांत परिणाम वेगळा आहे असं म्हणता येतं का? 0.54 ते 0.94 आणि 0.79 ते 1.09 या दोन व्याप्ती एकमेकींवर बऱ्याच चढतात. छापील आकड्यांवरून ढोबळ हिशेब मांडला, तर दोन्ही वयांत परिणाम अगदी सारखा असता तरी एवढी तफावत दहातून साधारण एकदा दिसली असती. हा माझा कागदावरचा हिशेब आहे, संशोधकांचा नव्हे, आणि तो वाचकांसाठीच्या मजकुरात घालण्याची गरज नाही. पण ‘पन्नाशीच्या आत उपयोग नाही’ असं लिहायला आपला हात धजणार नाही, एवढं काम तो करतो.

आणखी एक आकडा फार मोहक आहे. तपासणीच्या वस्त्यांमध्ये सापडलेल्या कर्करोगांपैकी 37 टक्के तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्याचे होते, दुसरीकडे 47 टक्के. हा फरक भक्कम आहे, रेषेच्या पुष्कळ पलीकडचा. निदानाचं सरासरी वयही 56.5 वरून 55.2 वर आलं. बऱ्याच जणांना हा पुरावा मृत्यूच्या आकड्यापेक्षा पटतो, कारण लवकर सापडणं म्हणजे वाचणं असं मनात पक्कं बसलेलं असतं. इथं थांबून समजवावं लागतं. कल्याणला चढलेला माणूस दादरला चढलेल्यापेक्षा गाडीत जास्त वेळ असतो, पण गाडी सीएसएमटीला दोघांनाही एकाच वेळी पोचवते. निदान वर्षभर आधी झालं की ‘निदानानंतर किती वर्षं जगली’ हा आकडा आपोआप वर्षानं वाढतो, मृत्यूची तारीख तसूभर पुढे गेली नाही तरी. लवकरच्या टप्प्यातल्या गाठीवर कमी त्रासाचे उपचार पुरतात हा फायदा वेगळा आणि खरा आहे, पण तो मृत्यू टळल्याचा पुरावा नव्हे. या अभ्यासाची खरी किंमत तिथेच आहे. त्यानं निदानानंतरची वर्षं मोजली नाहीत, पूर्ण वस्तीतले मृत्यू मोजले. म्हणून त्याचा 15 टक्क्यांचा अर्धवट निकालसुद्धा ‘आमच्या शिबिरात लवकर सापडलेल्या नव्वद टक्के बायका पाच वर्षांनी ठणठणीत’ या छापाच्या दाव्यापेक्षा वजनदार ठरतो.

याच वस्त्यांत, याच स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचाही अभ्यास झाला. तिथं आरोग्यसेविका सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून गर्भाशयमुखाचा रंग बदलतो का ते पाहायच्या. 2014 मध्ये छापलेल्या निकालात त्या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी आढळले. हा मुख्य निकाल होता, कुठल्या वयाचा वेगळा भाग पाडून काढलेला नव्हता, आणि रेषेच्या स्पष्ट पलीकडचा होता. 30 आणि 31 हे आकडे शेजारी आल्यानं दोन अभ्यास एकमेकांत मिसळतात. एका 31 मागे अख्खा अभ्यास उभा आहे आणि दुसऱ्या 30 मागे नंतर पाडलेला एक भाग, हे वेगळं करून सांगितलं नाही तर दोन्हींना सारखंच वजन मिळतं.

या सगळ्यातून सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात किंवा महिला मंडळाच्या सूचनाफलकावर जाण्याजोगा मजकूर साधारण असा होतो:

‘मुंबईतल्या वीस वस्त्यांमध्ये दीड लाख स्त्रियांवर वीस वर्षं चाललेल्या अभ्यासात, दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविकेकडून स्तनांची हातानं तपासणी आणि कर्करोगाची माहिती मिळालेल्या स्त्रियांमध्ये कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडला. स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू त्यांच्यात थोडे कमी दिसले: दहा हजार स्त्रियांमागे दहा वर्षांत साधारण 25 ऐवजी 21. पण हा फरक योगायोगाचा नसेलच असं खात्रीनं सांगता येत नाही. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये फायदा जास्त दिसला, 35 ऐवजी 25. मात्र ही वयाची विभागणी नंतर केलेली असल्यानं ती पुन्हा तपासून पाहायला हवी. ही माहिती काहीही त्रास नसलेल्या स्त्रियांसाठी आहे. गाठ, स्तनाग्रातून रक्त किंवा त्वचेत खळगा दिसला तर वय कितीही असो, लगेच डॉक्टरांना दाखवा.’

शेवटची दोन वाक्यं कितीही जागा कमी असली तरी गाळू नयेत. ‘मी 42 ची आहे, म्हणजे मला उपयोग नाही ना?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणारीला कधी कधी गाठ लागलेलीच असते. चाळणी-तपासणी लक्षणं नसलेल्यांची असते. लक्षण दिसलं की अभ्यासाचे आकडे तिला लागूच होत नाहीत.

दुसरा नेहमीचा प्रश्न: मग घरीच आरशासमोर तपासलं तर? हे वेगळं आहे. शांघायच्या कापडगिरण्यांमध्ये दोन लाख सहासष्ट हजार कामगार स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचा निकाल 2002 मध्ये आला. स्वतः तपासायला शिकवलेल्या स्त्रियांमध्ये मृत्यू कमी झाले नाहीत, निरुपद्रवी गाठींसाठी बायोप्सी मात्र जास्त जणींना करावी लागली. मुंबईच्या अभ्यासात बोटं शिकलेल्या सेविकेची होती. तेव्हा परळचा निकाल दाखवून आरशासमोरच्या तपासणीचं पोस्टर काढू नये. मॅमोग्राफीशी तुलना तर या अभ्यासात झालेलीच नाही. ‘हातानं तपासलं की मॅमोग्राफी नको’ आणि ‘मॅमोग्राफीच चांगली’ ही दोन्ही वाक्यं याच्या बाहेरची आहेत.

उरला तिसरा, थोडा अडचणीचा प्रश्न. केंद्र सरकारच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे 30 ते 65 वयाच्या स्त्रियांची अशी हातानं तपासणी पाच वर्षांतून एकदा व्हायची आहे. अभ्यासातली तपासणी दर दोन वर्षांनी, 35 ते 64 वयात, आणि संशय आल्यावर थेट कर्करोगाच्या रुग्णालयापर्यंत नेणारी होती. पाच वर्षांतून एकदा तपासून, पुढची सोय बाईनं स्वतः शोधायची असेल, तर दहा हजारांत चार मृत्यू टळतील का, तीन, एक की एकही नाही, यावर या शोधनिबंधात एक ओळही नाही. सरकारी कार्यक्रमाच्या बाजूनं किंवा विरुद्ध त्याचा दाखला कुणी दिला, तर विचारावं: तपासणी किती वर्षांनी, कुणाच्या हातून, आणि गाठ लागल्यावर बाई कुठल्या दारात उभी राहणार?